गेमपॅड ‘दिसत नाही’ म्हणजे नेमका कुठे अडकलाय? तपासणीचा क्रम आणि मोडचा घोळ

‘गेमपॅड डिटेक्ट होत नाही’ या एका वाक्यात तीन वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. पहिल्यात कॉम्प्युटरला यूएसबीच्या पिनेत काही लागलंय याचाच पत्ता नसतो. दुसऱ्यात कॉम्प्युटरला काहीतरी लागलेलं दिसतं, पण ते गेमपॅड आहे हे विंडोजला उमगत नाही. तिसऱ्यात विंडोजला गेमपॅड व्यवस्थित दिसतो, फक्त गेमला दिसत नाही. या तिसऱ्या प्रकारात पॅडही चांगला असतो, केबलही चांगली असते. चुकीचा असतो तो पॅडचा मोड, म्हणजे कॉम्प्युटरला स्वतःची ओळख सांगायची त्याची पद्धत. तरीही लोक ड्रायव्हर शोधत बसतात, विंडोज पुन्हा टाकतात किंवा पॅड दुकानात परत देऊन येतात.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. एका टप्प्याचं उत्तर ‘हो’ आल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाण्यात अर्थ नाही. सगळं वर्णन विंडोज १० आणि ११ साठी आहे. नमुन्यासाठी लॉजिटेकचा एफ३१० हा वायरचा पॅड घेतला आहे, कारण त्याच्या पाठीवर मोड बदलायचा खटका असतो आणि त्यावर X आणि D ही अक्षरं स्पष्ट छापलेली असतात. तुमचा पॅड दुसरा असला तरी तपासणी हीच.

## तयारी

तपासणीच्या आधी स्टीम पूर्ण बंद करा. खिडकी बंद केल्यावरही ते घड्याळाशेजारच्या चिन्हांत चालू राहतं, तिथून Exit करा. कीबोर्डची बटणं पॅडला लावणारं किंवा पॅडचं रूप बदलणारं दुसरं काही टाकलं असेल, उदाहरणार्थ DS4Windows किंवा x360ce, तर तेही बंद करा. असे प्रोग्रॅम चालू असताना पडद्यावर दिसणारा पॅड खरा की त्यांनी उभा केलेला नकली, हे कळत नाही आणि सगळी तपासणी फसते.

दुसरा जॉयस्टिक, स्टिअरिंग व्हील, जुन्या वायरलेस पॅडचा रिसीव्हर काही लावलेलं असेल तर काढून ठेवा. यूएसबी हब मधे नको. डेस्कटॉप असेल तर पॅड कॅबिनेटच्या मागच्या पिनेत लावा. पुढच्या पिना आतल्या एका लांब वायरने मदरबोर्डला जोडलेल्या असतात आणि ती वायर सैल असणं नवीन नाही.

## टप्पा १ : कॉम्प्युटरला काही लागल्याचं कळतंय का?

आवाज सुरू ठेवा आणि पॅड लावा. विंडोजने जोडणीचा आवाज केला पाहिजे. काढल्यावर दुसरा, उतरता आवाज आला पाहिजे. दोन्ही आले तर थेट टप्पा २.

काहीच आवाज आला नाही, पण पॅडवरचा दिवा मात्र लागला, तर पहिला संशय केबलवर घ्या. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. ट्रिमर, टॉर्च, स्वस्त पॉवर बँक यांच्यासोबत येणाऱ्या कितीतरी केबल्समध्ये माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. पॅड चार्ज होतो, दिवा लागतो, आणि आपण समजतो की केबल ठीक आहे. खात्री करायला तीच केबल फोनला लावा. फोनवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला आणि फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर उघडले, तरच ती केबल कामाची.

आवाज आला, पण लगेच तुटल्याचा आला, आणि हे पुन्हा पुन्हा होत राहिलं, तर तार आतून मोडलेली असू शकते किंवा पिन सैल असेल. एफ३१०सारख्या पॅडला केबल कायमची जोडलेली असते. पॅडमध्ये शिरते तिथे ती हलकेच वाकवून पाहा. वाकवल्यावर जोडणी तुटत किंवा परत येत असेल तर बिघाड तिथेच आहे, त्यावर कुठल्याही सेटिंगचा उपाय नाही.

आवाज आला, पण कोपऱ्यात ‘USB device not recognized’ असा संदेश आला, तर विंडोजने पॅडला ‘तू कोण’ विचारलं आणि नीट उत्तर मिळालं नाही, असा त्याचा अर्थ. दुसरी केबल, दुसरी पिन आणि दुसरा कॉम्प्युटर, या क्रमाने बदलून पाहा. तिन्ही बदलूनही तोच संदेश आला तर पॅडच्या आतल्या सर्किटमध्येच दोष आहे.

इशारा : या टप्प्यावर ड्रायव्हर डाउनलोड करू नका. पॅडने स्वतःची ओळखच दिलेली नाही, मग ड्रायव्हर बसवणार कशावर? शोधात वर येणाऱ्या ‘युनिव्हर्सल गेमपॅड ड्रायव्हर’ नावाच्या फाइल्सनी नवीन कटकट मात्र मागे लागते.

वायरलेस पॅडसाठी एक जास्तीची नोंद. छोटा रिसीव्हर लावून चालणाऱ्या काही पॅडमध्ये रिसीव्हर स्वतःच गेमपॅड म्हणून विंडोजला दिसतो, मग पॅड बंद असो वा चालू. त्यामुळे रिसीव्हर लावल्यावर आलेला आवाज पॅड जोडल्याचा पुरावा नाही. पॅडवरचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की दोघं जोडले गेले. आणि एक्सबॉक्स ३६० चा मूळ वायरलेस पॅड चार्जिंगच्या केबलने कधीच कॉम्प्युटरला जोडला जात नाही. ती केबल फक्त वीज देते. त्याला वेगळा रिसीव्हरच लागतो.

## टप्पा २ : विंडोजला तो गेमपॅड म्हणून दिसतोय का?

विंडोजचं बटण आणि R एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत हे लिहा आणि एंटर करा :

```
joy.cpl
```

गेम कंट्रोलर्सची छोटी खिडकी उघडेल. यादीत तुमचा पॅड असेल तर त्यावर क्लिक करून Properties उघडा. स्टिक हलवा, बटणं दाबा, पडद्यावर हालचाल दिसते का पाहा.

एफ३१०चा खटका X वर असेल तर यादीत ‘Controller (Gamepad F310)’ असं नाव येतं. पॅड काढून खटका D वर नेऊन परत लावला, की तोच पॅड ‘Logitech Dual Action’ या नावाने येतो. विंडोजच्या लेखी ही दोन निरनिराळी उपकरणं आहेत, हेच इथे समजून घ्यायचं. खटका सरकवल्यावर पॅड आपली ओळखच बदलून सांगतो.

ही ओळख डोळ्यांनी पाहता येते. स्टार्ट बटणावर उजवं क्लिक करून Device Manager उघडा, पॅडच्या नोंदीवर डबल क्लिक करा, Details मध्ये जाऊन वरच्या यादीतून Hardware Ids निवडा. तिथे VID म्हणजे कंपनीचा क्रमांक आणि PID म्हणजे उपकरणाचा क्रमांक दिसतो. नेहमी भेटणारे काही असे :

```
VID_046D&PID_C21D   एफ३१०, खटका X वर
VID_046D&PID_C216   एफ३१०, खटका D वर
VID_045E&PID_028E   एक्सबॉक्स ३६०, वायरचा
VID_054C&PID_05C4   प्लेस्टेशन ४ चा पहिला पॅड
VID_057E&PID_2009   स्विच प्रो कंट्रोलर
```

तिसरी ओळ नीट पाहा. इतर कंपन्यांचे कितीतरी पॅड X मोडमध्ये असताना हाच क्रमांक सांगतात, म्हणजे ‘मी एक्सबॉक्स ३६० चा पॅड आहे’ असं सरळ सोंग घेतात. त्यामुळे भलत्याच कंपनीचा पॅड यादीत एक्सबॉक्सच्या नावाने दिसला तर बिघाड समजू नका. मोड बरोबर लागला आहे.

पॅडला खटका नसेल तर मोड बटणं दाबून बदलतो. बऱ्याच स्वस्त पॅडमध्ये मधलं होम किंवा मोड बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. एटबिटडोच्या एसएन३० प्रो या पॅडमध्ये पॅड सुरू करतानाच अक्षर आणि स्टार्ट एकत्र दाबतात : X आणि स्टार्ट दाबल्यास विंडोजसाठी, B आणि स्टार्ट अँड्रॉइडसाठी, A आणि स्टार्ट मॅकसाठी, Y आणि स्टार्ट स्विचसाठी. तुमच्या पॅडची जोडी त्याच्या कागदावर असते. कागद हरवला असेल तर दिव्यांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीची दिव्यांची खूण वेगळी. मोड खरंच बदलला की विंडोज आधी तुटल्याचा आणि मग जोडल्याचा आवाज करतं, आणि Hardware Ids मधला क्रमांक बदलतो.

तपासा : पॅड जोडलेला दिसतो, पण `joy.cpl` मध्ये काहीच हलत नाही? तो स्विच मोडमध्ये अडकला आहे का ते आधी पाहा. निंटेंडोचा प्रो कंट्रोलर केबलने लावला की कॉम्प्युटरकडून विशिष्ट आज्ञा येईपर्यंत बटणांची माहिती पाठवतच नाही, आणि विंडोज ती आज्ञा आपणहून देत नाही. त्याचं सोंग घेणारे पॅडही तसेच गप्प बसतात. मोड बदलला की जिवंत होतात.

### इथे होणाऱ्या दोन नेहमीच्या चुका

पहिली चूक ट्रिगरची. पॅड X मोडमध्ये असताना `joy.cpl` मध्ये दोन्ही ट्रिगर एकाच Z अक्षावर दिसतात. डावा दाबला की पट्टी एका बाजूला जाते, उजवा दाबला की दुसऱ्या, आणि दोन्ही पूर्ण दाबले की एकमेकांना खोडून पट्टी मधोमध येऊन थांबते. हे पाहून लोक ट्रिगर खराब ठरवतात. तो दोष नाही. ही खिडकी डायरेक्टइनपुट या जुन्या पद्धतीने पॅड वाचते आणि त्या पद्धतीत एक्सबॉक्सचा ड्रायव्हर दोन्ही ट्रिगर एकत्र करूनच देतो. X मोड वापरणाऱ्या गेमला ते वेगवेगळेच मिळतात.

दुसरी चूक कॅलिब्रेट करण्याची. पॅड गेममध्ये चालत नाही म्हणून Settings मधलं Calibrate दाबून, मधेच स्टिक भलतीकडे असताना पुढे गेलं, की चांगल्या पॅडची स्टिक डायरेक्टइनपुटवाल्या गेममध्ये आपोआप एका बाजूला ओढू लागते. असं झालं असेल तर त्याच पानावरचं Reset to default दाबा. न दिसणारा पॅड कॅलिब्रेट केल्याने दिसू लागत नाही.

## टप्पा ३ : गेम कोणती भाषा बोलतो?

विंडोजवर गेम मुख्यतः दोन पद्धतींनी पॅड वाचतात. डायरेक्टइनपुट जुनी. तिच्यात पॅड फक्त ‘बटण १, बटण २, अक्ष X, अक्ष Z’ असं सांगतो. कोणतं बटण कशासाठी, हे गेममध्ये आपण लावायचं. एक्सइनपुट २००५ साली एक्सबॉक्स ३६० बरोबर आली. पॅडचा X मोड म्हणजे एक्सइनपुट आणि D मोड म्हणजे डायरेक्टइनपुट. तिच्यात पॅडचा आकार ठरलेला असतो : A म्हणजे A, डावा ट्रिगर म्हणजे डावा ट्रिगर, आणि एका वेळी जास्तीत जास्त चार पॅड. त्यामुळे नव्या गेममध्ये काही लावावं लागत नाही, पण फक्त एक्सइनपुट वाचणाऱ्या गेमला D मोडमधला पॅड अजिबात दिसत नाही. `joy.cpl` मध्ये झकास चालणारा पॅड गेममध्ये मेल्यासारखा पडतो, तो यामुळे.

दोन्ही मोडमध्ये एफ३१०ची बटणं `joy.cpl` च्या खिडकीत कशी उजळतात, हे पाहिलं की फरक हातात येतो. X मोडमध्ये A दाबलं की १ उजळतो, B ला २, X ला ३, Y ला ४. D मोडमध्ये १ उजळतो तो X ला, मग A ला २, B ला ३ आणि Y ला ४. शिवाय D मोडमध्ये ट्रिगर अक्ष राहत नाहीत, ७ आणि ८ क्रमांकाची साधी बटणं होतात. म्हणजे अर्धा ॲक्सिलरेटर दाबणं हा प्रकारच उरत नाही. दाबलं किंवा सोडलं, एवढंच. उजवी स्टिकही X मोडमध्ये एका अक्षांच्या जोडीवर आणि D मोडमध्ये दुसऱ्या जोडीवर जाते.

### एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा, जीटीए सॅन अँड्रियास खेळायचा आहे. कॉम्प्युटरसाठीचा हा गेम जून २००५ मध्ये आला, एक्सइनपुटच्या आधी. म्हणजे मूळ गेमला एक्सइनपुट माहीतच असू शकत नाही, तो डायरेक्टइनपुटनेच वाचणार.

एफ३१० X वर ठेवून गेम सुरू केला तर पॅड दिसतो, कारण X मोडमधला पॅडही डायरेक्टइनपुटला अर्धवट दिसतोच. पण गाडी चालवायला गेलं की गोंधळ : ट्रिगर दोन्ही मिळून एक अक्ष झालेले असल्यामुळे ते गॅस आणि ब्रेकची स्वतंत्र बटणं म्हणून लावता येत नाहीत.

आता हे असं करा. गेम पूर्ण बंद करा. पॅड काढा, खटका D वर न्या, पॅड परत लावा. `joy.cpl` मध्ये ‘Logitech Dual Action’ आल्याची खात्री करा. त्याच खिडकीत Advanced दाबून जुन्या प्रोग्रॅमसाठीचं उपकरण म्हणून हेच निवडा. मग गेम सुरू करून कंट्रोलच्या पानावर जॉयपॅड निवडा आणि प्रत्येक क्रियेसमोर बटण नव्याने लावा. आधी X मोडमध्ये काही लावलं असेल तर ते सगळं पुसून टाका, कारण क्रमांक आता सरकलेले आहेत. ट्रिगर ७ आणि ८ म्हणून नोंदले गेले की गाडी चालू लागते.

याच पॅडने दुसऱ्या दिवशी नवा रेसिंग गेम उघडला आणि तो म्हणाला ‘कंट्रोलर लावा’, तर कारण आता उघड आहे. खटका D वरच राहिला आहे.

इशारा : मोड बदलताना गेम बंदच हवा. जुने गेम सुरू होतानाच एकदा पॅडची यादी घेतात; नंतर लावलेला किंवा ओळख बदललेला पॅड त्यांना कळत नाही. पॅड आधी, गेम नंतर.

तपासा : एफ३१०वर पुढच्या बाजूला ‘Mode’ असं लिहिलेलं बटण आहे. ते X आणि D बदलत नाही. ते डावी स्टिक आणि डीपॅड यांची अदलाबदल करतं आणि शेजारी हिरवा दिवा लागतो. ‘स्टिकने माणूस चालत नाही, बाणांनी चालतो’ अशी तक्रार असेल तर हा दिवा लागला आहे का ते पाहा, ते बटण एकदा दाबा, काम झालं.

## टप्पा ४ : पॅडला X मोडच नाही, आता?

काही जुने यूएसबी पॅड फक्त डायरेक्टइनपुट बोलतात, आणि प्लेस्टेशनचे पॅडही स्वतःहून एक्सइनपुट बोलत नाहीत. अशा वेळी मधे दुभाषी लागतो. सर्वांत सोपा दुभाषी म्हणजे स्टीम.

आता स्टीम पुन्हा सुरू करा. Settings मधल्या Controller पानावर तुमचा पॅड दिसला पाहिजे. साध्या पॅडसाठी तिथलं ‘Enable Steam Input for generic controllers’ सुरू करा आणि विचारेल तशी बटणं एकेक करून दाखवा. यानंतर स्टीम गेमसमोर एक एक्सबॉक्ससारखा नकली पॅड उभा करतं आणि तुमच्या पॅडवर जे दाबाल ते त्यातून पाठवतं. गेम स्टीमवर घेतलेला नसेल तर लायब्ररीत ‘Add a Non-Steam Game’ ने तो जोडा आणि स्टीममधूनच सुरू करा. डेस्कटॉपवरच्या चिन्हावरून गेम उघडला तर हा दुभाषी मधे येत नाही. ‘काल चालत होता, आज नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

दुभाषी एकच ठेवा. स्टीम आणि DS4Windows दोन्ही चालू असतील, किंवा गेम स्वतःच प्लेस्टेशनचा पॅड ओळखत असेल, तर गेमला एकच पॅड दोनदा दिसतो. त्याची खूण पक्की आहे : मेनूत बाण एकदा दाबला की निवड दोन घरं उडी मारते. अशा वेळी स्टीममध्ये त्या गेमवर उजवं क्लिक करा, Properties मधल्या Controller मध्ये जाऊन फक्त त्या गेमपुरतं Disable Steam Input निवडा, किंवा DS4Windows बंद करा. दोन्हींपैकी एक.

उलट लक्षणही असतं. एकट्याने खेळायचा गेम पॅड दाखवतो, पण तुमचा पॅड ‘दुसरा खेळाडू’ म्हणून बसतो आणि काहीच हलत नाही. एक्सइनपुटच्या चार जागांपैकी पहिली जागा एखाद्या नकली पॅडने किंवा विसरून राहिलेल्या रिसीव्हरने अडवलेली असते. तयारीत सांगितल्याप्रमाणे सगळं काढून, फक्त हवा तो पॅड लावून गेम परत सुरू करा.

## ब्लूटूथवाल्यांसाठी वेगळं

एक्सबॉक्सच्या सगळ्याच वायरलेस पॅडना ब्लूटूथ नसतं. एक्सबॉक्स वनच्या सुरुवातीच्या पॅडमध्ये, मॉडेल १५३७ आणि १६९७, ते नाही. १७०८ मध्ये आहे. मॉडेल क्रमांक बॅटरीच्या खणात लिहिलेला असतो. बॅटऱ्या न काढताही ओळखता येतं : एक्सबॉक्सच्या बटणाभोवतीचं प्लॅस्टिक पुढच्या भागाचाच सलग तुकडा असेल तर ब्लूटूथ आहे, वरच्या चकचकीत पट्टीचा भाग असेल तर नाही. नसेल तर कॉम्प्युटरवर पेअरिंगचा शोध कितीही वेळ चालू ठेवा, नाव येणार नाही. तो पॅड केबलने लावा.

ज्यांत अनेक मोड आहेत अशा पॅडचं नाव ब्लूटूथच्या यादीत मोडनुसार बदलतं. ‘Pro Controller’ दिसलं तर तो स्विच मोडमध्ये आहे, ‘Wireless Controller’ दिसलं तर प्लेस्टेशन ४ च्या. मोड बदलण्याआधी जुनी नोंद Remove device ने काढून टाका आणि मगच नव्या मोडमध्ये पेअर करा. जुनी नोंद तशीच ठेवली तर ‘Paired’ लिहिलेलं दिसतं आणि पॅड मात्र लुकलुकत राहतो.

पॅड जोडला जातो पण खेळताना मधेच तुटतो किंवा बटण उशिरा लागतं, तर ब्लूटूथचा डोंगल किंवा पॅडचा रिसीव्हर कुठे लावलाय ते पाहा. यूएसबी ३ च्या पिनेतून, विशेषतः शेजारी हार्ड डिस्क चालू असेल तर, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गडबड होते. रिसीव्हर एखाद्या हातभर लांब एक्स्टेन्शन केबलने बाहेर काढून टेबलावर पॅडच्या समोर ठेवा. बॅटऱ्या बदलूनही न गेलेला त्रास इतक्याने जातो.